पानं हलवली की सूची आखडते

मराठी पुस्तकांच्या शेवटी सूची क्वचितच असते, पण जिथे असते तिथे एक गोष्ट पाहण्यासारखी असते. एखाद्या विषयाला स्वतंत्र प्रकरण असेल, तर सूचीत त्याच्यापुढे नुसतं ‘४५–५२’ छापलेलं असतं. तोच विषय पुस्तकभर विखुरलेला असेल, तर ‘१२, ३७, ८८, ९१, १४३, १७०’ अशी आकड्यांची माळ लागते आणि नोंद दुसऱ्या ओळीवर जाते. उल्लेख तेवढेच, मजकूर तेवढाच, तरी एक नोंद आखूड आणि दुसरी लांबलचक. सूची किती लांब होणार हे पानं कोणत्या क्रमाने लावली आहेत यावरही ठरतं.

सूची आटोपशीर व्हावी म्हणून कुणी पुस्तक उसवून पानं नव्याने बांधत नाही. सर्च इंजिनच्या पोटातल्या पानांची गोष्ट वेगळी आहे. तिथे लाखो-कोट्यवधी लेख, वेबपानं, कागदपत्रं असतात आणि प्रत्येकाला एक क्रमांक दिलेला असतो: एक, दोन, तीन, असा चढत्या भाजणीत. हा क्रमांक वाचकाला कधी दिसत नाही. बहुतेक ठिकाणी तो जसा माल आला तसा दिलेला असतो, म्हणजे दवाखान्यात येणाऱ्याला टोकन मिळतं तसा. त्याला दुसरा काही अर्थ नाही. आणि अर्थ नाही म्हणूनच तो बदलता येतो. एकसारखे लेख शेजारी येतील असे क्रमांक नव्याने वाटले, तर एकही शब्द न गाळता इंडेक्स लहान होतो आणि शोधही लवकर लागतो. हे का होतं आणि नेमकं कसं करतात, ते इथे सांगायचं आहे.

यादीत क्रमांक नसतात, अंतरं असतात

सर्च इंजिनचा इंडेक्स म्हणजे एक प्रचंड सूचीच. प्रत्येक शब्दापुढे तो ज्या ज्या लेखांत आला त्यांचे क्रमांक चढत्या क्रमाने लिहिलेले असतात. ‘द्राक्ष’ हा शब्द २, ५, ७, १०, १२ आणि १५ या लेखांत आला, तर त्याची यादी तशीच. पण साठवताना क्रमांक जसेच्या तसे ठेवत नाहीत. प्रत्येक क्रमांक आधीच्यापेक्षा कितीने पुढे आहे, तेवढंच अंतर लिहितात: २, ३, २, ३, २, ३. यातून मूळ क्रमांक बेरीज करत केव्हाही परत मिळवता येतात. फायदा असा, की अंतरं मूळ क्रमांकांपेक्षा लहान असतात आणि लहान आकड्याला कमी बिट लागतील अशा सांकेतिक पद्धती उपलब्ध आहेत.

त्यांतली एक जुनी पद्धत म्हणजे एलियासचा गॅमा कोड. तिच्यात १ लिहायला एक बिट पुरतो, २ किंवा ३ लिहायला तीन बिट, ४ ते ७ ला पाच, ८ ते १५ ला सात. वरच्या यादीतली सहाही अंतरं २ किंवा ३ आहेत, म्हणजे एकूण १८ बिट झाले.

आता तेच सहा लेख एकत्र आणून त्यांना १० ते १५ हे क्रमांक देऊ. अंतरं झाली १०, १, १, १, १, १. पहिल्याला सात बिट, पुढच्या पाचांना एकेक, एकूण १२ बिट. आता दोन्ही याद्यांतल्या अंतरांची बेरीज करून पाहा. पहिलीतही १५, दुसरीतही १५. अंतर कुठे नाहीसं झालेलं नाही, फक्त त्याची वाटणी बदलली. आधी सगळ्यांना सारखं मिळत होतं, आता एकाच्या वाट्याला बराचसा भाग गेला आणि बाकीचे कंगाल झाले. आकडा दसपट झाला तरी त्याचे बिट दसपट होत नाहीत, थोडेच वाढतात. त्यामुळे एक मोठी उडी आणि पाच बारकी पावलं ही सहा मध्यम पावलांपेक्षा नेहमी स्वस्त पडतात. सगळी युक्ती या विषमतेत आहे. समाजात नको असलेली गोष्ट इथे मुद्दाम घडवून आणायची असते.

हा सोळा लेखांचा खेळ झाला. आता खऱ्या आकाराचं उदाहरण घेऊ. धरा, संग्रहात दहा लाख लेख आहेत आणि त्यांतल्या दहा हजारांत ‘द्राक्ष’ आहे. क्रमांक कसेही वाटलेले असले तर सरासरी अंतर १०० पडतं. अशा यादीला गणिताच्या हिशेबाने प्रत्येक नोंदीमागे किमान आठएक बिट लागतात, म्हणजे पूर्ण यादी दहा किलोबाइटची. आता द्राक्षाचे सगळे लेख चाळीस हजार क्रमांकांच्या एका पट्ट्यात आणले असं समजा. चाळीस हजार अशासाठी, की शेजारी डाळिंब, वाइन, फळबागांचा विमा असे लेखही येणारच, सगळे फक्त द्राक्षाचे कसे असतील? त्या पट्ट्यात सरासरी अंतर ४ होतं आणि नोंदीमागे सव्वातीन बिट पुरतात. यादी चार किलोबाइटवर येते.

आणि हा लाभ एकट्या ‘द्राक्ष’ला होत नाही. शब्द टोळीने फिरतात. द्राक्षाचे लेख एकत्र आले की ‘घड’, ‘छाटणी’, ‘भुरी’, ‘डावणी’, ‘बेदाणा’ या शब्दांच्या याद्याही आपोआप आवळल्या जातात. एक क्रम लावला आणि शेकडो याद्या एकदम आखडल्या, असं होतं म्हणून हा खटाटोप परवडतो. ‘आणि’, ‘आहे’ हे शब्द मात्र जवळजवळ प्रत्येक लेखात असतात, त्यांची अंतरं आधीपासूनच एक-एक असतात आणि क्रम बदलून त्यांना काही फरक पडत नाही. उलट टोकाला, साऱ्या संग्रहात दोनदाच आलेला शब्द असेल तर त्याची यादी दोन आकड्यांची. तिथे वाचवायचं तरी काय? कमाई होते ती मधल्या शब्दांवर, ज्यांना स्वतःचं असं एक गाव असतं.

इथे एक गफलत नेहमी होते. क्रम उत्तम लावला, इंडेक्स पुन्हा बांधला आणि आकार जेमतेम घटला, अशी तक्रार ऐकू येते. दोष बहुधा क्रमाचा नसतो, लिहिण्याच्या पद्धतीचा असतो. कित्येक ठिकाणी अंतरं पूर्ण बाइटमध्ये लिहितात: १२७ पर्यंतच्या आकड्याला एक बाइट, त्याहून मोठ्याला दोन. वाचायला ही पद्धत फार सोपी आणि वेगवान, पण एका बाइटच्या खाली ती उतरतच नाही. तिच्या लेखी अंतर ४ आणि अंतर १०० सारखेच. आपल्या उदाहरणात आधीच्या विखुरलेल्या यादीतही सुमारे ७२ टक्के अंतरं १२७ च्या आत बसतात, म्हणून तिचा आकार पावणेतेरा किलोबाइट होता. पट्ट्यात आणल्यावर तो दहाच्या खाली येऊच शकत नाही. हाच क्रम अंतरं बिटांच्या हिशेबाने गच्च बांधणाऱ्या पद्धतीला दिला, तर ती दहाचे चार करते. चांगला क्रम आणि ढोबळ माप, यांचं जमत नाही.

क्रम लावायचा कसा?

अडचण ही, की क्रमांकांची रांग एकच असते आणि लेखाला तर अनेक नाती असतात. नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांच्या कर्जावरचा लेख शेतीच्या शेजारी बसवायचा की सहकारी बँकांच्या? रांगेत प्रत्येकाला दोनच शेजारी मिळतात. सर्व याद्यांची मिळून बेरीज कमीत कमी होईल असा क्रम शोधायचा म्हटलं, तर पर्याय आवाक्याबाहेर जातात. नुसते दहा लेख ३६,२८,८०० प्रकारे लावता येतात. लाखो लेखांसाठी सर्वोत्तम क्रम शोधण्याची व्यवहार्य वेळात चालणारी रीत कुणाला माहीत नाही. म्हणून सगळा भर ‘पुरेसा चांगला’ क्रम झटपट मिळवण्यावर.

२००२ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या डॅनियल ब्लँडफर्ड आणि गाय ब्लेलॉक यांनी लेखांमधल्या साम्याचं जाळं काढून ते तुकडे तुकडे करत क्रम ठरवण्याची रीत मांडली. पुढच्याच वर्षी तैवानमधल्या संशोधकांनी याकडे फिरत्या विक्रेत्याचं कोडं म्हणून पाहिलं: लेख म्हणजे गावं, साम्य जास्त तितकं गाव जवळ, आणि सगळी गावं एकदा गाठणारी स्वस्तातली वाट म्हणजे आपला क्रम. कल्पना सुरेख, पण प्रत्येक लेखाचं प्रत्येक लेखाशी साम्य मोजायचं म्हटलं तर दहा लाख लेखांसाठी जवळजवळ पन्नास हजार कोटी जोड्या तपासाव्या लागतात.

मग २००७ साली पिसाच्या फाब्रित्सियो सिल्वेस्त्री यांनी एक गोष्ट दाखवली, जी वाचून मला आधी हसू आलं आणि मग जरा लाजही वाटली. वेबपानांच्या बाबतीत साम्य मोजूच नका, पत्ते लावा. यूआरएल अक्षरक्रमाने लावली की झालं. पत्त्यातलं साइटचं नाव उलटं लिहून घेतलं, तर एकाच घरातल्या शाखाही एकत्र येतात:

```
org.example.krida/kabaddi/nikal.html
org.example.sheti/draksha/bhuri.html
org.example.sheti/draksha/chhatani.html
org.example.sheti/kanda/sathavan.html
```

साइट बनवणाऱ्याने विषयवार फोल्डर केलेले असतात, म्हणजे वर्गीकरणाचं काम कुणीतरी आधीच हाताने करून ठेवलेलं असतं. आपण ते फुकटात उचलायचं. शिवाय एका साइटची पानं एकाच साच्यातली असतात, तीच शीर्षकं, तेच तळटिपेतले शब्द. कोट्यवधी पत्ते अक्षरक्रमाने लावणं संगणकाला किरकोळ काम आहे. आजही नवी पद्धत मांडणाऱ्याला आधी या साध्या पद्धतीशी तुलना करावी लागते, आणि ती हरवणं वाटतं तितकं सोपं जात नाही.

पण पत्त्यात विषय नसेल तर ही युक्ती आंधळी होते. विकिपीडियावर लेखाचा पत्ता म्हणजे त्याचं शीर्षक. मराठी विकिपीडियाची पानं पत्त्याप्रमाणे लावली, तर नागपूर, नाटक, नारळ, नाशिक हे एका पंगतीला बसतात. अक्षरांचं नातं आहे, विषयाचं नाही. ग्राहकांचे ईमेल, रुग्णांच्या नोंदी, दुकानातल्या वस्तूंची वर्णनं यांना तर पत्ताच नसतो. तिथे मजकुरात शिरावंच लागतं.

त्यासाठी आज जी पद्धत सर्वांत भरवशाची मानली जाते ती २०१६ साली लक्ष्मण धुलिपाला आणि त्यांच्या पाच सहकाऱ्यांनी मांडली. त्यांतले बहुतेक फेसबुकमधले होते. तिचं सार ‘अर्धे करा, अदलाबदल करा, पुन्हा अर्धे करा’ असं आहे.

आपले दहा लाख लेख घ्या आणि आंधळेपणाने पाच-पाच लाखांच्या दोन खोल्यांत टाका. ‘द्राक्ष’चे दहा हजार लेख साधारण पाच-पाच हजार असे वाटले जातील. ही सगळ्यांत महाग स्थिती. कारण दोन्ही खोल्यांत सरासरी अंतर १०० च राहतं. ते सगळे एकाच खोलीत आणले, तर दहा हजार लेख पाच लाखांत बसतात आणि सरासरी अंतर ५० होतं. अंतर निम्मं झालं की नोंदीमागे एक बिट वाचतो, म्हणजे एका यादीत दहा हजार बिट. नऊ हजार इकडे आणि एक हजार तिकडे एवढंच जमलं, तरी त्यातले निम्म्याहून अधिक बिट वाचतात. पूर्ण शुद्धतेचा हट्ट धरायची गरज नाही.

आता प्रत्येक लेखाला विचारायचं, की तू पलीकडच्या खोलीत गेलास तर तुझ्या सगळ्या शब्दांच्या याद्या मिळून किती बिट वाचतील? लेखातला प्रत्येक शब्द आपापल्या बाजूला ओढतो. ‘भुरी’ डावीकडे खेचते, ‘कर्ज’ उजवीकडे, आणि त्यांची गोळाबेरीज हा त्या लेखाचा फायदा. दोन्ही खोल्यांतले लेख फायद्याच्या उतरत्या क्रमाने उभे करायचे. डावीकडचा सर्वांत उतावळा आणि उजवीकडचा सर्वांत उतावळा यांची अदलाबदल, मग दोन नंबरच्यांची, असं जोडीजोडीने जायचं. जोडीच्या फायद्याची बेरीज शून्यावर आली की थांबायचं. जोडीनेच हलवत असल्यामुळे खोल्या सारख्याच भरलेल्या राहतात.

एका फेरीने भागत नाही. लेख हलले की शब्दांचं पारडं बदलतं, म्हणून हिशेब पुन्हा करायचा. वीसएक फेऱ्या, किंवा कुणी हलेनासं होईपर्यंत. मग प्रत्येक खोलीच्या आत पुन्हा भिंत घालायची आणि तोच खेळ अडीच-अडीच लाखांवर, मग सव्वा-सव्वा लाखांवर. खोलीत तीसेक लेख उरले की सोडून द्यायचं. डावीकडून उजवीकडे खोल्या वाचत गेलं की तोच नवा क्रम. पहिल्या भिंतीला बहुधा शेती एकीकडे आणि शहर दुसरीकडे असं काहीतरी ढोबळ विभाजन होतं, खालच्या पायऱ्यांवर द्राक्ष आणि डाळिंब वेगळे होतात. प्रत्येक यशस्वी भिंत एक बिट देते. दहा लाखांतून चाळीस हजारांचा पट्टा करायला साडेचार ते पाच भिंती लागतात, आणि मघाशी आठाचे सव्वातीन बिट झाले ते असे.

लुसीन या मुक्त शोध-प्रणालीत २०२३ साली ही पद्धत आली. तिथे `BPIndexReorderer` नावाच्या क्लासमध्ये वीस फेऱ्या आणि बत्तीस लेखांवर थांबणं हेच ठरीव आकडे आहेत. ४०९६ पेक्षा कमी लेखांत आलेले शब्द तो हिशेबात धरतच नाही, कारण त्यांच्यामागे वेळ जातो आणि हाती फार लागत नाही. किंमत मोजावी लागते ती जागेची: प्रत्येक लेखात कोणकोणते शब्द आहेत ही उलटी यादी हिशेब चालू असेपर्यंत हाताशी लागते.

शोध लवकर का लागतो

लहान इंडेक्स वाचायला कमी वेळ लागतो, हे उघड आहे. पण वेग वाढण्याचं मोठं कारण ते नाही. मोठं कारण हे, की बराचसा इंडेक्स वाचावाच लागत नाही.

याद्या साधारण १२८ नोंदींच्या गठ्ठ्यांत बांधलेल्या असतात आणि गठ्ठ्यातला शेवटचा क्रमांक कोणता याची चिठ्ठी बाहेर लावलेली असते. चिठ्ठीवरून गठ्ठा नको असं कळलं, तर तो न सोडताच पुढे जायचं. आता कुणीतरी ‘द्राक्ष निर्यात’ असा शोध घेतला. ‘निर्यात’ चाळीस हजार लेखांत आहे, म्हणजे ३१३ गठ्ठे, आणि ‘द्राक्ष’चे ७९. दोन्ही शब्द असलेले लेख तीन हजार आहेत असं धरू.

क्रमांक विस्कळीत असताना ‘निर्यात’चा एकेक गठ्ठा सुमारे ३२०० क्रमांक व्यापतो आणि तेवढ्या जागेत ‘द्राक्ष’चे सरासरी ३२ लेख सापडतात. त्यामुळे एकही गठ्ठा टाळता येत नाही, ३१३ च्या ३१३ सोडावे लागतात. द्राक्षाचे लेख एका पट्ट्यात आले की ‘निर्यात’च्या यादीतला फक्त त्या पट्ट्यावरचा भाग कामाचा उरतो: तीन हजार नोंदी, म्हणजे चोवीस-पंचवीस गठ्ठे. पोलाद, सॉफ्टवेअर आणि कांद्याच्या निर्यातीचे गठ्ठे बांधलेलेच राहतात. दोन्ही याद्या मिळून ३९२ च्या जागी शंभरएक गठ्ठे उघडले, आणि उत्तर तेच तीन हजार लेख. प्रत्यक्षात द्राक्षाचे काही लेख पट्ट्याबाहेर भटकलेले असतात आणि अशा प्रत्येक भटक्यामागे बहुधा एक गठ्ठा उगाच सोडावा लागतो, त्यामुळे आकडा इतका नीटस येत नाही. पण दिशा हीच.

आपल्याला सगळे तीन हजार नको असतात, वरचे दहा हवे असतात. त्यासाठी गठ्ठ्यावर दुसरीही एक चिठ्ठी लावतात: यातल्या कुठल्याही लेखाला या शब्दाबद्दल जास्तीत जास्त इतके गुण मिळू शकतील. हातातल्या दहाव्या लेखाचे गुण त्याहून जास्त असतील, तर गठ्ठा सोडायचं कारणच नाही. ही कल्पना २०११ साली पुढे आली. ती चालायची तर चिठ्ठी खरं बोलणारी हवी. विस्कळीत क्रमात प्रत्येक गठ्ठ्यात एखादा तरी जोरदार लेख असतोच आणि त्या एकापायी सगळ्या गठ्ठ्यांवर मोठा आकडा चढतो, अगदी वर्गातल्या एका हुशार मुलावरून अख्ख्या वर्गाची अपेक्षा ठरवावी तसं. सारखे लेख एकत्र आले की काही गठ्ठे खरोखर भारी होतात, बाकीचे खरोखर हलके, आणि हलके बिनदिक्कत वगळता येतात.

काय बिघडतं

क्रमांक बदलणं म्हणजे एका गावातल्या सगळ्या घरांचे नंबर रातोरात बदलणं. इंडेक्समधल्या याद्या बदलल्या म्हणून काम संपत नाही. त्या क्रमांकावर जे जे टांगलेलं असतं ते सगळं त्याच हिशेबाने हलवावं लागतं: मूळ मजकुराची जागा, तारीख, लेखकाचं नाव, लेखाची लांबी.

लांबीने मला एकदा चांगलाच चकवा दिला. गुण देताना तीनशे शब्दांच्या लेखात ‘भुरी’ चारदा आली तर तिला जास्त वजन, चार हजार शब्दांच्या अहवालात चारदा आली तर कमी, असा नियम असतो आणि त्यासाठी प्रत्येक क्रमांकापुढे लेखाची लांबी लिहिलेला एक तक्ता असतो. शेतीविषयक मजकुराच्या एका संग्रहावर काम करताना आम्ही याद्या नव्या क्रमाने बांधल्या आणि हा तक्ता जुनाच राहिला. काहीही मोडलं नाही. तक्त्यात जितक्या ओळी हव्यात तितक्या होत्या, शोध चालत होता, उत्तरात लेखही तेच येत होते, वेळही कमी लागत होता. आम्ही खुशीत. दोन दिवसांनी संग्रह तोंडपाठ असलेल्या एका सहकाऱ्याने विचारलं, “‘भुरी’ शोधलं की हल्ली वार्षिक अहवालच का वर येतोय?” त्या जाडजूड अहवालाला दुसऱ्याच कुठल्यातरी टीचभर टिपणाची लांबी चिकटली होती आणि त्याचे गुण फुगले होते.

तेव्हापासून तपासणीची रीत ठरली आहे. काही शे खरे शोध घ्यायचे, जुन्या आणि नव्या इंडेक्सवर चालवायचे, आणि वरचे वीस लेख त्यांच्या बाहेरच्या, कायमच्या ओळखीने ताडून पाहायचे. गुणही ताडायचे. नुसता क्रम ताडला तर खोटी घबराट होते, कारण दोन लेखांचे गुण अगदी सारखे असले की बरेच प्रोग्राम लहान क्रमांकाला वर ठेवतात आणि क्रमांक तर आपणच बदललेत. आतला क्रमांक बाहेर कुठे, वाचकाच्या खुणेत किंवा लिंकमध्ये, जाऊ द्यायचा नाही हे त्याच धड्यातलं दुसरं कलम.

फायदा झाला की नाही हे पाहायलाही एक आकडा पुरतो: नोंदीमागे किती बिट लागले. तो जुन्या क्रमासाठी काढायचा, नव्यासाठी काढायचा आणि मुद्दाम पत्ते पिसल्यासारख्या विस्कटलेल्या क्रमासाठीही काढायचा. तिसरा आकडा लोक टाळतात आणि मग जेमतेम फरक पडला म्हणून हिरमुसतात. माल ज्या क्रमाने आला त्या क्रमातही पुष्कळदा थोडीफार शिस्त असते. एकाच खात्याची कागदपत्रं एकाच दिवशी चढवलेली असतात. विस्कटलेल्याशी तुलना केली की आधीच किती मिळालं होतं आणि आपण किती भर घातली, ते कळतं.

रोज नवा मजकूर येणाऱ्या ठिकाणी हा क्रम टिकतही नाही. नवे लेख शेपटाला जोडले जातात आणि शेपूट विस्कळीतच वाढत जातं. प्रत्येक लेखासाठी सगळ्यांना नवे क्रमांक देणं परवडणारं नाही. म्हणून इंडेक्सचे छोटे तुकडे एकत्र करून मोठा तुकडा बांधायची वेळ येते तेव्हाच, त्या तुकड्यापुरता क्रम लावून घेतात. तसंही सगळं नव्याने लिहिलं जातच असतं.

बातम्यांच्या साठ्यात मात्र मी हे करायला जात नाही. तिथे वाचकाला बहुतेक वेळा सर्वांत ताजी बातमी आधी हवी असते. क्रमांक तारखेप्रमाणे, नवं आधी असे दिलेले असले, तर यादीच्या सुरुवातीपासून वाचत जायचं, दहा मिळाले की थांबायचं. बाकीची यादी कितीही लांब असो. विषयवार क्रम लावला की ही सोय जाते आणि ताजे दहा शोधायला संपूर्ण यादी चाळावी लागते. शिवाय तारखेच्या क्रमात हंगामानेच थोडं काम करून ठेवलेलं असतं. द्राक्षाच्या बातम्यांची गर्दी जानेवारीपासून एप्रिलपर्यंत होते, मध्ये कुठे अवकाळी गारपीट झाली की आठवडाभर पूर येतो, आणि पावसाळ्यात ‘द्राक्ष’च्या यादीत भलीमोठी उडी असते.